वरण ताम्हिणी उतरतं

पुण्यात शिजवलेलं जेवण दिवेआगरच्या लग्नात वाढायचं असेल, तर हिशेब किलोमीटरचा नसतो, तासांचा असतो. पहाटे साडेचारला वरण-भात उतरतो. सव्वापाचला गाड्या निघतात. मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन करत दहाच्या सुमारास मांडवात पोचतात. पहिली पंगत साडेबाराला आणि दुसरी दीडला. म्हणजे रस्त्यात पाच तास जात असले तरी शेवटच्या पानावर पडणारा भात नऊ तास डब्यात राहिलेला असतो. साडेतीनशे पानांचं असं एक काम मी एका केटररताईंच्या गाडीत बसून पाहिलं. मांडवात नळ होता आणि दोन शेगड्यांपुरती जागा होती, त्यामुळे मोठा स्वयंपाक पुण्यातच करणं भाग होतं.

गरम जेवणाची गाडी म्हणजे मागे पफ भरलेल्या जाड भिंतींची पेटी बसवलेली पिकअप. आत स्टीलचे दुहेरी भिंतीचे कॅन आणि प्लॅस्टिकच्या इन्सुलेटेड पेट्या. यातल्या कशालाही शेगडी नाही की वायर नाही. आत गेलेली उष्णता हळू बाहेर पडावी एवढंच त्यांचं काम. म्हणून आचारीकाकांची सगळी धावपळ डबा बंद होण्याआधीच उरकलेली असते.

पेट्यांमध्ये आदल्या रात्रीचा गारवा असतो, म्हणून भरण्याआधी त्यांत उकळतं पाणी ओतून वीस मिनिटं झाकण लावून ठेवतात. पन्नास लिटर वरणाला याचा फारसा फरक पडत नाही, कारण वरणातच एवढी उष्णता साठलेली असते की स्टीलला तापवण्यात त्याचा एखाद-दुसरा अंशच जातो. पाच-सहा किलो सुक्या भाजीचं तसं नसतं. गार पेटीत घातली तर भिंती तापवतानाच ती पार निवते. पातेल्यातून डावाने कॅनमध्ये भरतानाही पाच-सात अंश उडतात, म्हणून वरण खळखळ उकळत असतानाच भरायचं आणि झाकण लगेच लावायचं.

काकांनी थर्मामीटरची दांडी पुसून वरणाच्या मध्यभागी, भिंतीला टेकणार नाही अशी धरली. 88 अंश. कॅन गळ्यापर्यंत भरलेला होता. "अर्धा कॅन कधी पाठवायचा नाही," ताई म्हणाल्या. "उरलं तर लहान डब्यात घालायचं." कारण सरळ आहे. कॅन भरलेला असो की अर्धा, भिंतींतून आणि झाकणातून बाहेर जाणारी उष्णता जवळपास तेवढीच असते. साठा निम्मा असला की तो दुप्पट वेगाने उतरतो. भरलेला कॅन तासाला साधारण दीड अंश सोडतो. नऊ तासांत साडेतेरा अंश, म्हणजे दुसऱ्या पंगतीला वरण 74 अंशांच्या आसपास. गरम वाढायचं अन्न 60 अंशांच्या खाली येऊ द्यायचं नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. वरण त्यात आरामात बसतं.

बटाट्याची भाजी बसत नाही. पॅनमध्ये भरल्यावर ती 78 अंश भरली. फोडींमध्ये हवा, पॅन उथळ, वस्तुमान कमी. अशी भाजी तासाला तीन अंश सहज सोडते. मांडवात पोचेपर्यंत 63, पहिल्या पंगतीला 55 आणि दुसऱ्या पंगतीला 51. हे आकडे ताईंच्या वहीत जुन्या कामांचे लिहिलेले होते, म्हणून त्या दिवशी त्यांनी फोडणीची भाजी पाठवलीच नाही. बटाटे रात्री उकडून, सोलून, परातींत पसरून पटकन गार केले, थंड गाडीतून नेले आणि मांडवातल्या एका शेगडीवर फोडणीत परतले. दुसऱ्या शेगडीवर पुऱ्या. पुरी डब्यात घातली की वाफेने मऊ पडते. ती तिथेच तळायची असते.

मसालेभाताची काळजी वेगळीच. बंद पेटीत तो स्वतःच्या उष्णतेवर शिजत राहतो, म्हणून एक कणी शिल्लक असतानाच उतरवतात. पॅनही उथळ घेतात, नाहीतर घाटाच्या हिसक्यांनी तळाचा भात दबून त्याचा गोळा होतो. झाकणाखाली जमलेली वाफ थेंब होऊन भातावर पडते, त्यासाठी वर धुतलेला कोरडा सुती पंचा अंथरतात. पण खरी भीती तापमानाचीच. तांदळात बॅसिलस सेरेयस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवण्याने मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि उलटी आणणारं हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. वासावरूनही काही कळत नाही. त्यामुळे 60च्या खाली उतरून तसाच राहिलेला भात ताई तापवून वाढत नाहीत, फेकतात.

थंड गाडी दिसायला तशीच, पण टपावर कूलिंग युनिट. श्रीखंड, मठ्ठा, कोशिंबिरीच्या चिरलेल्या भाज्या आणि ते बटाटे या गाडीत. हे युनिट आत आलेली थंडी टिकवण्यासाठी असतं, साठ किलो कोमट श्रीखंड गार करण्याची ताकद त्यात नसते. श्रीखंड रात्रभर 4 अंशांना ठेवून मगच चढवतात. डबे भिंतीला चिकटवत नाहीत आणि पंख्यासमोर रचत नाहीत, कारण थंड हवेला फिरायला वाट लागते. लहान गाड्यांत हे युनिट बहुधा इंजिनावरच चालतं. इंजिन बंद तर थंडीही बंद. म्हणून माणगावला चहा घेताना ड्रायव्हरभाऊ इंजिन चालू ठेवून गाडीजवळच उभे होते आणि ताईंनी मांडववाल्याला दोन दिवस आधीच विजेच्या जोडणीबद्दल विचारून ठेवलं होतं. उभ्या गाडीचं युनिट मग त्या विजेवर चालतं, अर्थात गाडीत तशी सोय असेल तर.

दिवेआगरला वरणाचं झाकण उघडेना. कड्या सोडल्या, दोघांनी ओढलं, तरी हलेना. काकांनी झाकणावरची छोटी रबरी गुंडी वर उचलली. फुस्स करून हवा आत शिरली आणि झाकण हाताने निघालं. वरची वाफ थंड होऊन पाणी झाली की आतला दाब घटतो. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर. घाट उतरून किनाऱ्याला आलं की बाहेरचा दाब वाढलेला असतो. दोन्हीमुळे झाकण रबरावर घट्ट बसतं. गुंडी न उचलता कुणी सुरीने उचकटलं की रबर फाटतं आणि पुढच्या वेळी त्याच फटीतून वाफ जाते. थर्मामीटर लावला तेव्हा वरण 80 होतं.

जेवणं उरकल्यावर डबे तिथेच धुतले आणि झाकणं उघडी ठेवून वाळवले. ओलं रबर बंद राहिलं तर बुरसतं. आतल्या पत्र्याला किंवा प्लॅस्टिकला चीर गेली तर पाणी फोममध्ये मुरतं, आणि भिजलेला फोम उष्णता अडवत नाही. असा डबा बाहेरून धड दिसतो, पण रिकामा उचलला तरी जड लागतो, आणि भरल्यावर तासाभराने बाहेरच्या भिंतीवरून तळहात फिरवला तर एका जागी ऊब लागते. त्या दिवशी भाताची एक पेटी अशी सापडली. ताईंनी तिच्यावर खडूने फुली मारली. आता ती ताटं-वाट्या न्यायला वापरतात.