रोहूची शेपटी दोन फ्रेम मागे

पावसाळा ओसरून प्रवरेचं पाणी निवळलं, की अकोल्यात नदीकाठी उभं राहून मासा वरून न्याहाळता येतो. माशाची हालचाल समजून घ्यायची तर हीच जागा योग्य, कारण त्याचं अंग डावी-उजवीकडे वळतं आणि ते वळण बाजूने पाहिलं तर नीट कळतच नाही. त्यातही प्रवाहाकडे तोंड करून एकाच जागी तग धरलेला मासा शोधावा. तो पोहत असतो, पण पुढे सरकत नाही, त्यामुळे त्याच्या अंगातून जाणारी लाट सावकाश पाहता येते. ती गालफडांमागे अगदी बारीक सुरू होते, मागे सरकताना रुंदावते आणि शेपटीतून बाहेर पडते. केंब्रिजच्या जेम्स ग्रे यांनी 1933 साली माशांच्या छायाचित्रांवरून नेमकी हीच गोष्ट मांडली होती : लाट डोक्याकडून शेपटीकडे जाते, पाण्याला मागे रेटते आणि मासा पुढे जातो.

संगणकावर ही हालचाल आणायला फ्रेमगणिक चित्र काढावं लागत नाही. माशाच्या मॉडेलमध्ये नाकापासून शेपटीपर्यंत हाडांची साखळी घालतात. प्रत्येक हाड आधीच्या हाडाला जोडलेलं असतं, म्हणून पुढचं वळलं की मागची सगळी त्याच्याबरोबर वळतात. मग प्रत्येक हाडाला साइन लाट द्यायची, म्हणजे झोक्यासारखं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश जाऊन परत येणं. लाट सगळ्यांना एकच, फक्त प्रत्येक हाड आधीच्या हाडापेक्षा थोडं उशिरा सुरू होतं. या उशिराला फेज म्हणतात, आणि मासा जिवंत वाटतो तो त्याच्यामुळे.

एक उदाहरण पुरतं करून पाहू. 30 सेंटिमीटरचा रोहू, त्यात 5 सेंटिमीटरची सहा हाडं. शेपटीचे ठोके सेकंदाला दोन आणि चित्रफीत सेकंदाला 24 फ्रेमची. म्हणजे एक ठोका 12 फ्रेममध्ये पुरा होतो आणि 360 अंशांचं चक्र दर फ्रेमला 30 अंश पुढे जातं. रोहूसारख्या माशाच्या अंगावर साधारण एक पूर्ण लाट मावते, असं धरू. मग 360 भागिले सहा, म्हणजे प्रत्येक हाड आधीच्यापेक्षा 60 अंश, अर्थात दोन फ्रेम मागे. वळणाचा कोन डोक्याकडे कमी आणि शेपटीकडे जास्त ठेवायचा : 4, 6, 10, 16, 22 आणि 28 अंश. ब्लेंडरमध्ये शेवटच्या हाडाच्या ड्रायव्हरमध्ये हे लिहायचं :

```
radians(28) * sin(radians(30*frame - 300))
```

पहिल्या हाडाला 300 च्या जागी शून्य, दुसऱ्याला 60, तिसऱ्याला 120, आणि 28 च्या जागी ज्याचा त्याचा कोन. तिथे एक बारीक अडचण येते. ब्लेंडर हाडाचं वळण सुरुवातीला क्वाटर्निअनमध्ये ठेवतो. ते बदलून `XYZ Euler` केल्याशिवाय अंशांचा हा हिशेब लागू होत नाही. हाडाची लांबी त्याच्या Y अक्षावर असते, त्यामुळे ड्रायव्हर X किंवा Z वर बसवावा लागतो. Y वर बसवला तर मासा वळण्याऐवजी स्वतःभोवती पिळला जातो.

आता त्या सहा कोनांची बेरीज करून पाहा : 86 अंश. फेज न देता सगळी हाडं एकदम वळवली, तर शेवटचं हाड अंगाशी जवळजवळ काटकोनात जाईल आणि मासा बिजागरीवरच्या फळीसारखा इकडून तिकडे आपटेल. 60 अंशांची फेज दिली की एक हाड डावीकडे जात असताना दुसरं उजवीकडून परतत असतं. त्यांची वळणं एकमेकांना काही अंशी खोडून काढतात आणि तेच शेवटचं हाड मूळ दिशेपासून जास्तीत जास्त 31 अंशांपर्यंतच जातं. शेपटीचं टोक या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास हलतं. खऱ्या माशांमध्ये हे अंतर शरीराच्या लांबीच्या सुमारे एक पंचमांश, म्हणजे 30 सेंटिमीटरच्या माशात सहा सेंटिमीटर मोजलं गेलं आहे. कोन डोळ्यांनी चाचपडत ठरवण्यापेक्षा हा एक आकडा धरून ठरवणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

फेजचं चिन्ह उलटं पडलं, वजाच्या जागी अधिक लिहिलं गेलं, तर लाट शेपटीकडून डोक्याकडे धावते. मासा पुढे सरकत असला तरी तो मागे येऊ पाहतोय असं वाटतं. हे वाटणं खरंच आहे, कारण ईल मासा मागे पोहताना लाट अशीच उलटी सोडतो. दुसरी खोट नाकाची. साखळी नाकापासून सुरू झाल्याने नाक खिळ्याने ठोकल्यासारखं स्थिर राहतं. खऱ्या माशात सर्वांत कमी हलणारी जागा गालफडांच्या किंचित मागे असते, आणि नाक तिच्यापुढे थोडं डोलतं. म्हणून अख्ख्या माशाच्या वर एक मूळ हाड ठेवून, ती जागा स्थिर राहील इतपत त्याला बाजूला सरकवायचं.

वाम घेतली तर सूत्र तेच राहतं, आकडे बदलतात. तिचं अंग लांब आणि लवचीक असतं, तिच्यावर दीडहून जास्त लाटा मावतात आणि वळण डोक्याजवळूनच ठळक असतं. सहा हाडांत दीडहून जास्त लाटा बसवल्या तर दोन हाडांमध्ये शंभर अंशांची फेज येते आणि अंग मोडल्यासारखं कोनदार दिसतं. हाडं बारा करावीत आणि प्रत्येकी 50 अंशांची फेज द्यावी, म्हणजे लाट गोल राहते.

मासा किती वेगाने पुढे न्यायचा, हे या लाटेनेच ठरतं. 30 सेंटिमीटरची लाट सेकंदाला दोनदा जाते, म्हणजे ती अंगावरून सेकंदाला 60 सेंटिमीटरने मागे सरकते. मासा तिच्यापेक्षा कमी वेगाने पुढे जातो, कारण पाणी काही दगड नव्हे, रेटलं की ते निसटतं. सेकंदाला 40 सेंटिमीटर हा आकडा रोहूला पटतो. तोच मासा 90 सेंटिमीटरने पळवला तर कुणीतरी दोरीने ओढल्यासारखा घसरतो. पडद्यावरचा मासा खोटा का वाटतो हे कळेनासं झालं, तर आधी हे दोन वेग ताडून पाहावेत.

खेळांमध्ये मासा दचकून जोरात पळतो, तेव्हा एक वेगळीच गडबड होते. तिथे अख्ख्या लाटेची फेज म्हणजे ठोक्यांची गती गुणिले वेळ, असं लिहिलेलं असतं. खेळ सुरू होऊन 60 सेकंद झाले आहेत आणि पुढच्या सेकंदात गती दोनवरून तीनवर नेली, असं समजा. आधीचा गुणाकार 120, नंतरचा 3 गुणिले 61, म्हणजे 183. शेपटीने त्या एका सेकंदात दोन-तीन ठोके मारायचे, ती 63 मारते. पडद्यावर नुसती थरथर दिसते, आणि खेळ जितका जुना तितकी ती वाढते. यावर उपाय असा की फेज वेळेवरून नव्याने काढायची नाही. आहे त्यात दर फ्रेमला भर घालत जायची :

```
phase += 360 * f * dt
angle[n] = A[n] * sin(radians(phase - 60*n))
```

आता `f` कधीही बदला, लाट तुटत नाही. पळणाऱ्या माशाची शेपटी जास्त रुंद हलवावी असा मोह होतो, पण अगदी संथ पोहणं सोडलं तर खरा मासा रुंदी जवळपास तीच ठेवतो आणि ठोके वाढवतो. म्हणून `A` ला हात न लावता `f` वाढवायचा. चार ठोके मारून अंग ताठ करत पाण्यातून घसरत जाणारा मासा हवा असेल, तेव्हा मात्र `A` हळूहळू शून्यावर आणावा आणि `phase` पुढे सरकू द्यावी. मासा पुन्हा पोहू लागताना `A` तितक्याच सावकाश परत वाढवला, की शेपटी झटका न देता हलू लागते.