फोटो बरोबर, पिन चुकली : कचऱ्याची तक्रार ॲपमध्ये नेमकी कुठे अडकते?

कोपऱ्यावर कचऱ्याचा ढीग दिसला. ॲप उघडलं, फोटो काढला, तक्रार पाठवली. दोन दिवसांनी ‘तक्रार निकाली’ असा मेसेज आला आणि ढीग मात्र जागेवरच! असं का होतं?

केंद्र सरकारचं ‘स्वच्छता’ ॲप असो वा एखाद्या महापालिकेचं स्वतःचं, स्क्रीनचा क्रम साधारण सारखाच असतो. आधी तक्रारीचा प्रकार निवडायचा, म्हणजे कचऱ्याचा ढीग, न उचललेली कचरापेटी, मेलेलं जनावर वगैरे. मग फोटो, त्यानंतर नकाशा, आणि शेवटी तक्रार क्रमांक. यातल्या नकाशाच्या स्क्रीनवर आपण सगळ्यात कमी वेळ थांबतो, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

तक्रार कोणाकडे जाणार, हे प्रामुख्याने नकाशावरच्या पिनवरून ठरतं. पिन ज्या प्रभागात, तिथल्या आरोग्य निरीक्षकाकडे तक्रार जाते. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतं. उंच इमारतींच्या गल्लीत मात्र सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि पिन बरीच लांब सरकते.

समजा, ढीग रस्त्याच्या पूर्वेला आहे आणि तो रस्ताच दोन प्रभागांची हद्द आहे. पिन पश्चिमेला पडली, तर तक्रार शेजारच्या प्रभागात जाते. तिथला कर्मचारी येतो, त्याला त्याच्या बाजूला काहीच दिसत नाही आणि तो तक्रार बंद करतो. त्याच्या लेखी त्याचं काही चुकलेलं नसतं. म्हणून पिन बोटाने ओढून ढिगावर आणा आणि खुणेच्या रकान्यात ‘दुकानासमोर’ एवढंच न लिहिता दुकानाचं नाव व रस्त्याची बाजू लिहा.

दुसरी चूक घरी पोचल्यावर होते. गॅलरीतला किंवा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो जोडला, तर ॲप तुम्ही बसलात तिथली जागा, म्हणजे तुमचं घर, पकडू शकतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून ठिकाणाची माहिती निघूनच जाते. त्यामुळे जागेवर उभं राहून ॲपच्या कॅमेऱ्यानेच फोटो काढलेला बरा.

आता ‘निकाली’चा मेसेज. तो बघून ॲप बंद करू नका. तक्रार उघडा आणि कर्मचाऱ्याने जोडलेला ‘नंतरचा’ फोटो असेल तर पाहा. मागची भिंत, विजेचा खांब, दुकानाची पाटी तुमच्या फोटोशी जुळते का? जुळत नसेल, तर साफसफाई दुसरीकडेच झाली आहे. अशा वेळी नवी तक्रार टाकू नका. नव्या तक्रारीत जुना इतिहास येत नाही आणि कागदोपत्री पहिली तक्रार सुटलेलीच राहते. सोय असेल तर तीच तक्रार ‘पुन्हा उघडा’ आणि त्याच कोनातून काढलेला आजचा फोटो जोडा.