नाणी गेली, जाहिराती मात्र परतल्या नाहीत

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आली, तेव्हा बहुतेकांनी पहिला प्रश्न विचारला तो शिलकीचा. खात्यात अडकलेले पैसे परत मिळणार का? मोठ्या कंपन्यांनी शिल्लक काढून घेता येईल असं जाहीर केलं आणि तो विषय मागे पडला. त्या बंदीशी काहीच संबंध नसलेल्या साध्या खेळांमध्येही लोकांची शिल्लक असते, आणि ती फोनमधून रोज कुठे ना कुठे पुसली जाते. हे शब्दकोड्यांचे, गोळ्या जुळवायचे, शेती करायचे खेळ. तिथे रुपये देऊन नाणी घ्यायची, नाण्यांनी इशारे किंवा जास्तीच्या संधी घ्यायच्या. या नाण्यांचे पुन्हा रुपये होत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल कोणी ओरडतही नाही.

दिवाळीत माझ्या भाचीच्या बाबतीत हेच घडलं. शब्दकोड्यांच्या एका खेळात तिच्या आईने दोन खरेद्या केल्या होत्या. एक जाहिराती कायमच्या बंद करण्याची, दुसरी ५०० नाण्यांची. त्यातली ३८० नाणी भाचीने इशाऱ्यांवर खर्च केली होती, १२० उरली होती. फोनची जागा भरली म्हणून तिने खेळ काढून टाकला आणि आठ दिवसांनी पुन्हा घेतला. जाहिराती आल्या नाहीत, नाण्यांच्या जागी मात्र शून्य. `Restore Purchases` हे बटण दाबलं तर खरेदी परत मिळाल्याचा संदेश आला आणि शून्य तसंच राहिलं. "मामा, एक आठवलं त्याला, मग दुसरं का नाही आठवत?" असं तिने मला विचारलं. हा लेख तिच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

तिने घेतलेल्या दोन वस्तू दुकानाच्या लेखी दोन वेगळ्या जातीच्या आहेत. ग्रंथालयाचं आजीव सभासदत्व आणि खानावळीची कुपनं यांत जो फरक, तोच इथे आहे. सभासदाचं नाव ग्रंथालयाच्या रजिस्टरात असतं. कार्ड हरवलं तरी नाव शोधून नवं कार्ड मिळतं. खानावळीच्या मालकाने तीस कुपनं विकल्याचं लिहून ठेवलेलं असतं, पण त्यातली किती वापरली हे कुपनंच सांगतात, आणि ती गिऱ्हाइकाच्या खिशात असतात. शर्ट धुण्यात गेला की हिशोबही गेला. जाहिराती बंद करणं, सगळ्या पातळ्या खुल्या करणं, 'प्रो' आवृत्ती घेणं या टिकाऊ खरेद्या. नाणी, हिरे, क्रेडिट या वापरून संपणाऱ्या.

अँड्रॉइडवर हे कसं घडतं ते थोडं जवळून पाहू. गूगल प्लेवर पैसे भरले की गूगल त्या खरेदीला एक टोकन देतं आणि ती वस्तू तुमच्या खात्यावर 'मालकीची' म्हणून चढवतं. त्यानंतर अ‍ॅपने गूगलला सांगायचं असतं की माल गिऱ्हाइकाला दिला. सांगण्याचे मार्ग दोन. जाहिराती बंद करण्यासारख्या वस्तूसाठी अ‍ॅप `acknowledgePurchase` पाठवतं, म्हणजे पोच देतं, आणि वस्तू मालकीच्या यादीत कायम राहते. नाण्यांसाठी ते `consumeAsync` पाठवतं, म्हणजे वस्तू वापरात घेतली असं कळवतं, आणि गूगल तिला यादीतून उतरवतं. ती उतरवावीच लागते, कारण यादीत असलेली वस्तू पुन्हा विकत घेता येत नाही, आणि नाणी तर लोकांनी पुन्हा पुन्हा घ्यावीत अशीच योजना असते. यातलं काहीच तीन दिवसांत कळवलं नाही, तर गूगल पैसे आपोआप परत करतं.

वापरात घेतल्याचं हे कळवणं नाणी खर्च होताना होत नाही. ती हातात पडतात त्याच क्षणी होतं. भाचीच्या आईने पैसे भरले, खेळाने ५०० नाणी खात्यात टाकली आणि लगेच गूगलला 'वापरली' असं कळवून टाकलं. भाचीने तेव्हा एकही नाणं खर्च केलेलं नव्हतं. तिथून पुढचा सगळा हिशोब, ३८० गेली आणि १२० उरली, फक्त खेळाकडे होता. या खेळाने तो फोनमधल्या एका छोट्या फाइलीत ठेवला होता. अ‍ॅप काढलं की त्याच्या फाइली त्याच्याबरोबर जातात. पुन्हा घेतल्यावर खेळाने गूगलला विचारलं, या खात्याच्या मालकीचं काय काय आहे? उत्तरात एकच वस्तू आली: जाहिराती बंद.

अ‍ॅपलकडे वाट थोडी वेगळी आहे, पण मुक्काम तोच. तिथे वस्तू विक्रीला ठेवतानाच विकसकाला तिची जात नोंदवावी लागते. `Restore Purchases` दाबल्यावर टिकाऊ वस्तू आणि चालू वर्गण्या परत येतात. नाण्यांचा व्यवहार पूर्ण झाल्याचं अ‍ॅपने कळवलं की तो त्या यादीतून गळतो. आयओएस १८ पासून विकसकाला एक ठराविक नोंद करून नाण्यांच्या जुन्या खरेद्याही अ‍ॅपमध्ये पाहता येतात. ही सुधारणा चांगली आहे, पण तिलाही मर्यादा आहे. तिच्यातून ५०० घेतली होती एवढं कळेल. ३८० खर्च झाली हे अ‍ॅपललाही माहीत नाही.

मग दुकानाने सरळ ५०० परत का देऊ नयेत? पुण्यात खेळ बनवणाऱ्या एका मैत्रिणीला मी हेच विचारलं. तिने कागद ओढला आणि आकडे मांडले. ५०० घ्या, सगळी खर्च करा, खेळ काढून टाका, परत घ्या, बटण दाबा, पुन्हा ५००. एकदा पैसे भरून जन्मभर नाणी. "विक्रीची वही दुकानाकडे असते, खर्चाची वही माझ्याकडे," ती म्हणाली. "दोन्ही जुळवल्याशिवाय शिल्लक कोणालाच सांगता येत नाही. आणि मी माझी वही तुझ्या फोनमध्ये ठेवली असेल, तर फोनबरोबर ती जाणारच."

तिच्या मते खरा प्रश्न वही कुठे ठेवली हा आहे. खेळाने खेळाडूचं खातं उघडून शिल्लक स्वतःच्या सर्व्हरवर ठेवली, तर अ‍ॅप काढा, फोन बदला, लॉगिन केल्यावर १२० चे १२० दिसतात. दुकानाला काही विचारावंच लागत नाही. त्यासाठी सर्व्हर चालवावा लागतो, तो दरमहा खर्च मागतो, आणि दोघातिघांनी मिळून बनवलेल्या खेळाला तो जड जातो. मला तिची अडचण पटते. तरीही ज्याला ही वही सांभाळणं परवडत नाही, त्याने नाणी विकू नयेत. टिकाऊ वस्तू विकाव्यात, त्यांची वही दुकान फुकट सांभाळतं. विकत घेतलेल्या क्रेडिटला मुदत असता कामा नये, असा अ‍ॅपलचाच नियम आहे. अ‍ॅप काढलं की पुसली जाणारी शिल्लक गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मुदत संपल्यासारखीच आहे. पण परत देण्याची सोय नियमाने मागितली आहे ती परत देता येण्याजोग्या खरेद्यांपुरती, आणि नाणी त्या व्याख्येतच बसत नाहीत. गिऱ्हाईक याच फटीत सापडतं.

ही फट कायद्याने बुजवता येते हे जपानने दाखवलं आहे. तिथल्या पेमेंट सेवा कायद्यात पैसे देऊन घेतलेली खेळातली रत्नंसुद्धा आगाऊ भरलेले पैसे मानली जातात. ३१ मार्च आणि ३० सप्टेंबर या दोन तारखांना सगळ्या खेळाडूंची मिळून न वापरलेली शिल्लक एक कोटी येनच्या वर गेली, तर निदान निम्म्या रकमेइतकी अनामत कंपनीला ठेवावी लागते. सहा महिन्यांच्या आत मुदत संपणाऱ्या चलनाला यातून सूट आहे, ही त्या कायद्याची कमजोर बाजू. तरी परिणाम पडद्यावर दिसतो. अनेक जपानी खेळ विकतची आणि फुकट मिळालेली रत्नं वेगवेगळी मोजून दाखवतात, आणि खेळ बंद होताना विकतच्या उरलेल्या रत्नांचे पैसे परत देण्याची सूचना निघते. शिल्लक किती हे दर सहामाहीला सांगायचं असेल, तर वही गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये सोडून चालणार नाही. आपल्याकडे नाण्यांच्या शिलकीला असं संरक्षण असावं, असं मला ठामपणे वाटतं.

तोवर काही गोष्टी आपल्या हातात आहेत. नाणी घेण्याआधी खेळात लॉगिनची सोय आहे का ते पाहावं, आणि 'पाहुणा' म्हणून खेळत असताना खरेदी करू नये. दुसऱ्या फोनवर त्याच खात्याने लॉगिन करून पाहावं. शिल्लक तीच दिसली तर वही सर्व्हरवर आहे. दुसरा फोन नसेल तर इंटरनेट बंद करून एखादं नाणं खर्च करून पाहावं. ते बिनबोभाट खर्च झालं, तर वही बहुधा फोनमध्येच आहे. अशा वेळी नाणी आधी संपवावीत, मग अ‍ॅप काढावं. नुसती जागा हवी असेल तर आयफोनवर `Offload App` निवडावं, त्यात अ‍ॅप जातं पण त्याचा डेटा राहतो. अँड्रॉइडवर `Clear cache` चालेल, `Clear storage` नको. अँड्रॉइडचा बॅकअप कधी कधी शिल्लक परत आणतो, पण ती शेवटच्या बॅकअपच्या दिवशीची असते, म्हणून त्यावर विसंबू नये.

एक बिघाड मात्र वेगळा ओळखावा. पैसे गेले, नाणी आली नाहीत आणि पुन्हा घेताना `You already own this item` असं दिसलं, तर खरेदी गूगलच्या यादीतच अडकली आहे, अ‍ॅपने ती वापरात घेतलेली नाही. अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडलं की बहुतेक वेळा नाणी जमा होतात. नाही झाली तर ईमेलवर आलेल्या पावतीवरचा `GPA` ने सुरू होणारा क्रमांक विकसकाला पाठवावा.

आम्हीही तोच क्रमांक पाठवला, खरेदीची तारीख लिहिली आणि १२० नाणी उरली होती असं कळवलं. चार दिवसांनी उत्तर आलं की खरेदी त्यांना दिसते, शिल्लक दिसत नाही. तरी त्यांनी भाचीच्या सांगण्यावर विश्वास ठेवून १२० नाणी जमा केली. ती खूश झाली. मी मात्र त्या उत्तरातल्या पहिल्या वाक्यापाशी थांबलो. विकणाऱ्याकडे आमच्या शिलकीची कसलीच नोंद नव्हती. होती ती फक्त सातवीतल्या एका मुलीच्या डोक्यात.