आधी जबडा सोडा

सकाळच्या शाळेत पाचवीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईंचं उदाहरण घेऊ. पहिल्या तासाला त्यांचं बोलणं शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचतं. चौथ्या तासाला त्या श्रुतलेखन घालतात आणि वह्यांमध्ये ‘वेळ’च्या जागी ‘वेल’, ‘काळ’च्या जागी ‘काल’, ‘पाठ’च्या जागी ‘पाट’ दिसू लागतं. मुलांना शुद्धलेखन येत नाही असं बाईंना वाटतं. पण हेच शब्द मुलांनी सोमवारी बरोबर लिहिलेले असतील, तर वहीपेक्षा बाईंच्या तोंडाकडे पाहायला हवं.

‘ल’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकतं. ‘ळ’साठी तेच टोक मागे वळतं आणि टाळूला निसटता फटका देऊन पुढे येतं. या वळणाला तोंडात जागा लागते. थकवा आणि ताण वाढला की आपण नकळत दात आवळतो, दोन दातांमधली फट कमी होते, जीभ वळायचं टाळते आणि ‘ळ’ ‘ल’कडे सरकतो. शब्द अस्पष्ट होतायत हे जाणवलं की बोलणारा माणूस आवाज चढवतो. त्याने उच्चार सुधारत नाही, घसा मात्र शिणतो. जिभेचं मूळ आणि स्वरयंत्र गळ्यातल्या एकाच लहानशा हाडाशी जोडलेले असल्यामुळे आवळलेल्या जिभेचा ताण थेट आवाजावर येतो.

म्हणून सुरुवात जबड्यापासून करावी. कानाच्या किंचित पुढे, गालाच्या मागच्या भागावर बोटं ठेवा आणि एकदाच दात आवळा. बोटांखाली जो स्नायू टणक होऊन वर येतो तोच चावण्याचा मुख्य स्नायू. आता दात सोडा आणि त्या जागेवर बोटांनी हळूहळू गोल चोळत खाली हनुवटीच्या दिशेने या. एक मिनिट पुरे. मग जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकवून ठेवा आणि ते न सोडता तोंड जेवढं उघडेल तेवढंच पाच-सहा वेळा संथपणे उघडा. टेकलेली जीभ जबड्याला फार पुढे घसरू देत नाही. ‘आ’ मोठा व्हावा म्हणून जोर लावू नये. कानाजवळ नुसता बारीक ‘कट’ आवाज येत असेल तर सहसा घाबरण्याचं कारण नसतं. पण दुखत असेल किंवा जबडा अडकत असेल तर व्यायाम सोडून दंतवैद्याकडे जायला हवं.

ओठांसाठी लहान बाळं करतात तशी फुरफुर करा, आधी नुसत्या हवेने, मग आवाजासह. फुरफुर होत नसेल तर ओठांच्या कडांशी दोन बोटांनी गाल हलके वर उचला, लगेच होते. त्यानंतर ‘ऊ–ई’ हे स्वर ओठांचा चंबू आणि रुंद ताण पूर्ण दाखवत सावकाश म्हणावेत.

जिभेला थोडा जास्त वेळ द्या. ओठ मिटून, दात आणि ओठ यांच्यामधून जीभ गोल फिरवा, पाच वेळा एका दिशेने, पाच वेळा उलट. मग आरशासमोर उभं राहून हनुवटीवर एक बोट ठेवा आणि ‘ला ला ला’ म्हणा. हनुवटी प्रत्येक ‘ला’ला खाली-वर होत असेल, तर जिभेचं काम जबडा करतोय. हनुवटी स्थिर राहीपर्यंत वेग कमी करा. हे जमलं की ‘त–ट’, ‘ल–ळ’ अशा जोड्या घ्या आणि शेवटी वेल–वेळ, काल–काळ, पाट–पाठ. ‘पाठ’ म्हणताना तोंडासमोर धरलेल्या तळव्यावर हवेचा झोत जाणवला पाहिजे, ‘पाट’ला तो जवळजवळ नसतो.

भराभर म्हणायची बोबडी वळवणारी वाक्यं बहुतेक जण पहिल्याच मिनिटाला घेतात. माझ्या मते ती अगदी शेवटी यावीत, कारण आखडलेल्या जिभेने वेग वाढवला की चुकीचाच उच्चार पक्का होतो. दातांत पेन्सिल धरून वाचण्याची पद्धतही मला पटत नाही. पेन्सिल पडू नये म्हणून माणूस दात आवळतो, आणि आपल्याला तर ते सैल करायचे असतात.

बाईंना हे सगळं घरून निघण्यापूर्वी सात-आठ मिनिटांत करता येईल. मधल्या सुट्टीत पुन्हा सगळं करायची गरज नाही. गालांचे स्नायू मिनिटभर चोळावेत, पाणी प्यावं आणि गप्प बसताना ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवावेत. फरक पडतोय का हे मोबाइलवर कळतं: सकाळी आणि शेवटच्या तासानंतर त्याच तीन जोड्या रेकॉर्ड करून ऐका.

या व्यायामांनी उच्चार मोकळे होतात, बसलेला आवाज बरा होत नाही. आवाज दोन-तीन आठवड्यांनंतरही घोगराच राहिला असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र तपासून घ्या.