पाऊचच्या तोंडावरची दहा मिलिमीटर

मिरची पुडीच्या २०० ग्रॅमच्या पाऊचचे तोंड बँड सीलरमधून बंद करायचे, एवढ्याच कामाची सूचना लिहायची असेल तर बहुतेक जण ‘सील नीट व मजबूत असावे’ असे लिहितात. हे वाक्य खोटे नाही, पण त्यावरून हातातला पाऊच ठेवायचा की बाजूला काढायचा हे ठरत नाही. सूचनेचा कस इथेच लागतो. कृतीची वाक्ये थोडी पुरतात: तोंडाच्या आतली पूड पुसा, दोन्ही कडा जुळवा, पाऊच सरळ आत जाऊ द्या, ओढू नका. खरा विचार लागतो तो पास-नापासच्या रेषेला. सीलची दहा मिलिमीटरची पट्टी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड आहे का? पट्टीत पुडीचा लाल कण दिसतो का? पट्टीत सुरकुती आहे का? प्रत्येक प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर हवे. पट्टीत अडकलेली पूड दोन थरांना चिकटू देत नाही आणि सुरकुतीतून हवा जायला वाट मिळते, म्हणून हेच प्रश्न.

फोटोंच्या बाबतीत एक चूक नेहमी होते. उत्तम सीलचा आणि जळून काळ्या पडलेल्या सीलचा फोटो लावला जातो. या दोन्हींबद्दल कुणालाच शंका नसते. शंका असते ती एखादाच कण अडकलेल्या पाऊचबद्दल. म्हणून जेमतेम पास आणि जेमतेम नापास असे दोन फोटो शेजारी हवेत. ते कामगाराला दिसते त्याच कोनातून, पट्टीशेजारी मोजपट्टी ठेवून काढावेत. चकचकीत पाऊचवर समोरून फ्लॅश मारला तर सुरकुती फोटोत दिसतच नाही. प्रकाश बाजूने घ्यावा लागतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे: लहानशी सुरकुती दरवेळी गळत नाही, मग चांगला माल का फेकायचा? पण ती पट्टीच्या आरपार गेली आहे की नाही, हे चालत्या लाइनवर नजरेने ठरत नाही. तिथे नियम कडकच हवा. बाजूला काढलेला पाऊच सुपरवायझरने पाण्याखाली दाबून पाहावा. बुडबुडे आले तर तो नापासच. जुन्या हातांना हे सारे ठाऊक असते, हेही खरे. मात्र दोन जाणत्या माणसांची रेषा एकाच जागी असतेच असे नाही, आणि शिफ्ट बदलली की माल तोच राहून निकाल बदलतो.

फोटोलाही मर्यादा आहे: वरून नितळ दिसणारे सील कमी तापमानामुळे कच्चे असू शकते. म्हणून पाण्यातली चाचणी ठरावीक वेळाने घ्यावीच लागते. दहाची चाचणी पास आणि साडेदहाची नापास झाली, तर दहानंतरचा सगळा माल अडवायचा, हेही त्याच पानावर लिहिलेले हवे. नापास झाल्यावर काय करायचे हे न सांगणारी सूचना अर्धवटच राहते.