शंभर नाणी एकदम तोलली तर

लंडनच्या टांकसाळीतल्या नाण्यांची परीक्षा तेराव्या शतकापासून होत असे. काही नाणी पेटीत बाजूला ठेवायची आणि पुढे ती एकत्र तोलायची. वजनात थोडी सूट असे, पण ती नाण्यांच्या संख्येच्या पटीत वाढवली जाई. चूक नेमकी तिथेच होती.

समजा, एका नाण्याचे वजन साधारण एक ग्रेन इकडेतिकडे होते. शंभर नाण्यांत काही जड, काही हलकी. त्यांच्या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. बेरीज होते ती चुकांच्या वर्गांची. म्हणून एकूण वजनातली चूक शंभर ग्रेन नसते, तर शंभराचे वर्गमूळ, म्हणजे दहा ग्रेन असते. ती शंभर नाण्यांत वाटली की सरासरीतली चूक ०.१ ग्रेन उरते. हीच सरासरीची प्रमाण त्रुटी. ती निम्मी करायला मात्र नाणी चौपट लागतात; वर्गमुळाची ही किंमत मला नेहमी जड वाटते.

आता टांकसाळीच्या प्रमुखाने प्रत्येक नाण्यात मुद्दाम अर्धा ग्रेन कमी घातला, तर शंभर नाणी पन्नास ग्रेनने हलकी भरतील. सूट शंभर ग्रेनची असेल, तर तो सहज सुटेल. तीस ग्रेनची असती, तर जवळपास नक्की सापडला असता.

वर्गमुळाचा हा नियम अठराव्या शतकात अब्राहम द मुआव्र यांनी मांडला. तो एकमेकींशी संबंध नसलेल्या चुकांनाच लागू पडतो. तराजूच खोटा असेल, तर लाख नाणी तोलूनही तो खोट तसाच राहतो.