थ्री-बेट करावा तो कोणत्या पत्त्यांवर?

पोकरच्या टेक्सास होल्डेम प्रकारात प्रत्येकाच्या हाती दोन पत्ते येतात आणि मधले पहिले तीन, म्हणजे फ्लॉप, उघडण्याआधीच पैशांची झटापट सुरू होते. बिग ब्लाइंडची सक्तीची रक्कम ही पहिली बेट, तिच्यावर कुणी रेज केला की दुसरी, आणि त्यावर पुन्हा रेज केला की थ्री-बेट. नवखा खेळाडू तो फक्त भारी पत्त्यांवर करतो: एक्के, राजे किंवा राण्यांची जोडी, नाहीतर एक्का-राजा. ही सवय टेबलाला लवकर कळते. मग त्याच्या थ्री-बेटपुढे सगळे पत्ते टाकतात आणि एक्क्यांच्या जोडीवरही त्याला किरकोळच रक्कम मिळते. म्हणून भारी पत्त्यांत थोडे ब्लफ मिसळावे लागतात.

समजा, ब्लाइंड 50 आणि 100 आहेत. बटनवरच्या खेळाडूने 250 चा रेज केला, स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले. पॉटमध्ये 400 आहेत. बिग ब्लाइंडवाला आणखी 1000 घालून रक्कम 1100 वर नेतो. म्हणजे 400 जिंकण्यासाठी त्याने 1000 पणाला लावले. केवळ समोरच्याच्या माघारीवर हा व्यवहार फायद्यात यायचा तर त्याने शंभरात किमान 72 वेळा पत्ते टाकायला हवेत. इतकी माघार सहसा मिळत नाही. त्यामुळे कॉल झाल्यावरही हातातल्या पत्त्यांत काही जीव उरला पाहिजे.

इथे बदाम एक्का आणि बदाम पंजी कामाला येतात. आपल्या हाती एक एक्का असला की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार 6 वरून 3 वर येतात आणि एक्का-राजाचे 16 वरून 12 वर. ज्या पत्त्यांची सर्वांत जास्त धास्ती, तेच कमी होतात. कॉल झाला, तर फ्लश किंवा एक्का ते पंजी असा स्ट्रेट लागू शकतो. आणि समोरून चौथी, मोठी बेट आली तर हे पत्ते फेकताना जीव तुटत नाही.

सत्त्यांच्या जोडीचं नेमकं उलट आहे. 150 भरून ती फ्लॉप पाहू शकते आणि तिसरी सत्ती आली तर मोठा डाव मारते. तिच्यावर थ्री-बेट केला की पंज्या-छक्क्यांच्या जोड्या बहुधा निघून जातात, तिच्याहून मोठ्या जोड्या टिकतात, आणि चौथ्या बेटपुढे चांगला हात न खेळताच टाकावा लागतो. कॉल करण्याइतके चांगले पत्ते ब्लफमध्ये घालणं ही सर्रास होणारी आणि महागात पडणारी चूक आहे.

रेज करणारा सुरुवातीच्या जागेवर बसलेला असेल, तर त्याचे पत्ते मुळातच भक्कम असतात. तिथे ब्लफ कमी करावेत. आणि समोरचा काही केल्या पत्ते टाकतच नसेल, तर एक्का-पंजीचा थ्री-बेट सोडून द्यावा. अशा खेळाडूवर एक्का-राणी, गुलामांची जोडी, दश्शांची जोडी यांचा थ्री-बेट करावा, कारण त्यांच्याहून हलक्या पत्त्यांवर तो पैसे भरतो.